बुकिंगआधी टेप काढा: तुमच्या पार्किंगमध्ये कोणती गाडी बसेल?

करारात पार्किंग अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब लिहिलं असेल, तरी त्या आकड्यावर गाडी ठरवू नका. मोकळी जागा स्वतः मोजा. पाच मीटरचा टेप हार्डवेअरच्या दुकानात दोन-अडीचशे रुपयांच्या आत मिळतो.

रुंदी खांबाच्या प्लॅस्टरपासून समोरच्या खांबाच्या प्लॅस्टरपर्यंत घ्या. पुढे, मध्ये आणि मागे अशी तीनदा मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. भिंतीवरून उतरणारा ड्रेनेजचा पाइप विसरू नका. बंद गॅरेज असेल तर शटरच्या दोन पट्ट्यांमधलं अंतरही मोजा, कारण गाडी आत जाते ती तिथूनच. उंची तुळईखाली मोजा.

आता दार. सध्याच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीतून नीट उतरता येईल एवढंच दार उघडा. गाडीच्या अंगापासून दाराच्या टोकापर्यंतचं अंतर टिपून ठेवा. ते साधारण ५० ते ६० सेंटिमीटर भरतं. घरात गुडघेदुखी असेल तर जास्तच धरा.

समजा, दोन खांबांमध्ये प्रत्यक्षात २२८ सेंटिमीटर भरले. नेक्सॉनची रुंदी सुमारे १८० सेंटिमीटर, म्हणजे उरले ४८. डावीकडे १५ सोडले तर ड्रायव्हरच्या बाजूला ३३ राहतात. एवढ्यात माणूस उतरत नाही. वॅगन आर सुमारे १६२ सेंटिमीटरची. तिथे ६६ उरतात, म्हणजे उजवीकडे ५१: जेमतेम, पण रोज जमेल. बाकीच्यांनी मात्र गाडी आत घेण्याआधीच उतरायचं. माहितीपत्रकातल्या रुंदीत बहुधा आरसे धरलेले नसतात, त्यामुळे आत शिरताना आरशांची जागा वेगळी लागते.

हिशेब तोकडा पडला तर खांब नेमका कुठे येतो ते पाहा. तो बॉनेटशेजारी असेल आणि दारासमोर मोकळं असेल, तर मोठी गाडीही चालते. काही वेळा गाडी रिव्हर्स लावली की ड्रायव्हरचं दार मोकळ्या बाजूला येतं. डिकी मागे उघडते, तेव्हा तिच्यामागे उभं राहायला जागा उरते का, तेही बघा.

यांत्रिक पार्किंग असेल तर उंची, रुंदी आणि वजनाची मर्यादा पाटीवर लिहिलेली असते. जुन्या यंत्रांत उंच एसयूव्ही अनेकदा बसत नाही.

खात्रीचा उपाय फुकट आहे: टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा आणि तुमच्याच जागेत लावून उतरून दाखवायला सांगा. बुकिंगचे पैसे त्यानंतरच भरा, आणि रद्द केल्यास किती कापतात ते लेखी घ्या. खांबाला घासलेलं एक दार रंगवायलाच काही हजार रुपये जातात.

नवा फ्लॅट घेत असाल तर एप्रिल २०२४ मधला महारेराचा आदेश हाताशी ठेवा. त्यानुसार पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा वाटपपत्रात व करारात नमूद करावी लागते. सही करण्याआधी ते आकडे जागेवर टेप लावून ताडून घ्या.