खरेदीखत, आरती आणि यंत्राचा संशय

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प अडकून पडला. विषय तिच्या घरातलाच होता. तिचे आजोबा बेळगावच्या खडेबाजारात दस्तलेखन करीत, आणि त्यांच्या ट्रंकेत जुन्या कागदांच्या हातनकला होत्या. त्यांतले १९५१ सालचे एक खरेदीखत तिने परिशिष्टात जसेच्या तसे टंकून दिले. सोबत गावच्या देवीसाठी आजीने रचलेली आरतीही जोडली. ज्या संस्थेकडे प्रकल्प गेला तिथे तो यंत्रलेखन ओळखणाऱ्या एका साधनातून काढला गेला. तिचे स्वतःचे विवेचन सुटले. खरेदीखत आणि आरती मात्र 'बहुधा यंत्रलिखित' ठरली, आणि खुलासा मागणारे पत्र आले.

१९५१ साली बेळगाव मुंबई राज्यात होते, ते म्हैसूर राज्यात गेले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तोवर इथले अनेक व्यवहार मराठीत लिहिले जात. तेव्हा कागद खरा की खोटा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो साधनाने असे का म्हटले हा.

मी तिच्या घरी गेलो. आजोबांना सगळे सांगितल्यावर ते हसले. "अहो सर, ह्यात माझं काय हाय? चार नावं आणि एक नंबर. बाकीचं सगळं आमच्या आधीपासनं ठरलेलं."

उत्तराचा मोठा भाग या वाक्यात आहे. अशी अनेक साधने मुळात एकच गोष्ट मोजतात: पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. भाषेचे प्रतिमान मजकूर डावीकडून वाचत जाते आणि प्रत्येक ठिकाणी पुढे कोणता शब्द येण्याची किती शक्यता आहे हे सांगते. जो शब्द प्रत्यक्षात आला तो अपेक्षितच असेल तर आश्चर्य कमी, अनपेक्षित असेल तर जास्त. या आश्चर्याच्या सरासरीला इंग्रजीत 'पर्प्लेक्सिटी' म्हणतात; आपण तिला 'अनपेक्षितता' म्हणू. यंत्र लिहिताना बहुतेकदा शक्यतेतले शब्द निवडते, म्हणून त्याच्या मजकुराची अनपेक्षितता कमी असते. यावरून साधन उलटा निष्कर्ष काढते: अनपेक्षितता कमी, म्हणून लिहिणारे यंत्र. चूक या उलट्या पावलात आहे.

वर्गात मी हे करून पाहिले. क्लॉड शॅनन याने १९५१ सालीच, योगायोगाने आपल्या खरेदीखताच्या वर्षी, इंग्रजी मजकूर झाकून माणसांना पुढचे अक्षर ओळखायला लावण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. आम्ही अक्षराऐवजी शब्द घेतला. फळ्यावर लिहिले: 'सदरहू मिळकतीवर आमचा अगर आमचे वाली'. पुढे काय? सगळा वर्ग म्हणाला, 'वारसांचा'. 'राजीखुशीने व अक्कल' म्हटले की 'हुशारीने'. निपाणीकडच्या एका मुलाच्या घरी तंबाखूच्या रानाचे जुने कागद होते. तो तर 'कोणी हरकत घेतल्यास' इथून पुढचे सबंध वाक्य 'निवारण आम्ही करून देऊ' पर्यंत म्हणून मोकळा झाला. मग चतुःसीमा आल्या. 'पूर्वेस' या शब्दापुढे कुणाचे शेत आहे हे कुणालाच सांगता आले नाही, पण ते नाव संपल्यावर 'पश्चिमेस' येणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

आता हिशेब पाहा. चार शब्दांचा तुकडा घेऊ. त्यातले तीन शब्द इतके ठरलेले की त्यांची शक्यता जवळजवळ १, आणि चौथा, शेजाऱ्याचे नाव, सोळांत एक. चारही शक्यतांचा गुणाकार १/१६, त्याचे चौथे मूळ १/२, आणि ते उलटे केले की अनपेक्षितता २. म्हणजे वाचणारा प्रत्येक शब्दाला सरासरी दोनच पर्यायांत अडखळला. घरगुती पत्रात चारही शब्द सोळांत एक असतील तर हाच आकडा १६ येईल. शेजाऱ्याचे नाव दोन्हीकडे तेवढेच अनपेक्षित. खरेदीखतात ते सरासरीत बुडून गेले. आजोबांची 'चार नावं आणि एक नंबर' तशीच बुडाली, आणि त्या कागदात माणसाने घातलेले जे होते ते नेमके तेवढेच होते.

शब्द ठरलेले का, याला कारण आहे. दस्तातले प्रत्येक वळण कधी ना कधी कोर्टात तपासले गेलेले असते. 'वाली वारस' ऐवजी नुसते 'मुले' लिहिले तर दत्तक, पुतणे, भाऊबंद यांचा वाद उभा राहतो. म्हणून चांगला दस्तलेखक नवा शब्द टाळतो. आरतीचे कारण वेगळे आहे, पण परिणाम तोच. आरती दहा जणांनी एकदम म्हणायची असते. पालुपद प्रत्येक कडव्यामागून परत येते, यमकामुळे ओळीच्या शेवटी दोन-तीनच शब्द बसतात, आणि देवीची विशेषणे परंपरेने दिलेली असतात. पुढचा शब्द ओठांवर आपोआप यावा हेच तिचे काम.

साधने दुसरी एक गोष्टही पाहतात: वाक्यांच्या लांबीतला चढउतार. माणूस एक वाक्य लांब लिहितो, एक आखूड. यंत्र सारख्या मापाची लिहिते, असा समज. आमच्या खरेदीखतात पूर्णविराम एकच होता, अगदी शेवटी. जुन्या कागदांत 'ऐसा जे', 'सबब', 'असे' हे शब्दच विरामाचे काम करतात, हे साधनाला कुठून कळणार? त्याला सबंध कागद एकच वाक्य दिसतो, आणि एकाच वाक्यात चढउतार मोजायचा कशाशी? आरतीत उलट, सगळ्या ओळी वृत्ताने सारख्याच मापाच्या.

हे मराठीपुरते नाही. २०२३ साली अमेरिकेच्या राज्यघटनेचा मजकूर जीपीटीझीरो या साधनाने यंत्रलिखित ठरवला, तेव्हा बरीच थट्टा झाली. तिथे आणखी एक कारण होते: राज्यघटना प्रतिमानाच्या शिकवणीत इतक्या वेळा आलेली की ती त्याला पाठच. त्यामुळे प्रसिद्ध आरती आणि आजीची आरती यांत फरक करावा लागतो. पहिली यंत्राला पाठ असू शकते. दुसरी त्याने कधी पाहिलेली नसते, ती केवळ घाटामुळे सापडते. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या ९१ परीक्षा-निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. मर्यादित शब्दांत, शिकवलेल्या घाटात लिहिणारी ती माणसेच होती.

सगळी साधने केवळ अनपेक्षितता मोजत नाहीत हे खरे. काहींना माणसांचे आणि यंत्राचे नमुने दाखवून शिकवलेले असते. पण यंत्राचे नमुने बहुधा औपचारिक, नीटनेटके असतात आणि माणसांच्या नमुन्यांत १९५१ची खरेदीखते क्वचितच असणार. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या अशा साधनाबाबत स्वतःच सांगितले होते की ते इंग्रजीसाठीच वापरावे आणि हजार अक्षरांहून लहान मजकुरावर विसंबू नये. जुलैमध्ये त्यांनी ते कमी अचूकतेमुळे मागेच घेतले. आजीची आरती मराठी, आणि हजार अक्षरे भरत नव्हती.

खुलाशाच्या पत्रासोबत आम्ही मूळ कागदाचे छायाचित्र जोडलेच. त्याशिवाय खरेदीखताची एक प्रत दोन शाईंत केली: ठराविक भाग काळा, नावे, सर्व्हे नंबर, आकार, चतुःसीमांचे धनी लाल. आजोबांनी चष्मा लावून ती तपासली आणि काळ्या भागातला एक शब्द बोटाने दाखवला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीबद्दल तिथे एक जादा कलम होते. "हे नेहमीचं नव्हे. दोघं भाऊ भांडत होते, म्हणून मी घातलं." आम्ही तेही लाल केले.