चारशे ग्रॅमचा बॉक्स आणि चाळीस जणांची खरेदी

प्रश्न : दिवाळीत ऑफिसातल्या चाळीस जणांना सुक्या मेव्याचे बॉक्स द्यायचे आहेत. चार सारख्या खणांचा बॉक्स आणला आहे, दुकानदार म्हणतो चारशे ग्रॅमचा. म्हणजे बदाम, काजू, बेदाणे आणि खारे पिस्ते प्रत्येकी चार किलो आणले की पुरतील ना?

उत्तर : हिशेब बरोबर दिसतो, पण तसे आणलेत तर पिस्ते उरतील आणि बेदाणे कमी पडतील. खण सारखे असतात ते आकाराने. त्यात किती वजन मावेल, हे जिन्नस ठरवतो. बॉक्सवरचे ‘चारशे ग्रॅम’ हा विक्रेत्याचा ढोबळ अंदाज असतो.

काजू वाकडा असतो, त्यामुळे दाण्यांमध्ये पोकळी राहते. पिस्ता तर उघड्या टरफलात बसलेला, म्हणजे खणात हवाच जास्त. बेदाणा मात्र मऊ असल्याने दबतो आणि फटी भरून काढतो. म्हणून खरेदीआधी चारही जिन्नस पाव-पाव किलो आणून एक बॉक्स काठोकाठ भरा. मग एकेक खण रिकामा करून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला.

समजा बदाम १०० ग्रॅम, काजू ९०, बेदाणे १२० आणि पिस्ते ७० भरले. बॉक्स ३८० ग्रॅमचा झाला. चाळीसने गुणले की बदाम ४ किलो, काजू ३.६, बेदाणे ४.८ आणि पिस्ते २.८ किलो, एकूण १५.२ किलो. तुमच्या बॉक्सचे आकडे वेगळे येतील, गुणाकाराची रीत हीच.

एवढेच नेमके आणू नका. काजूत तुकडे निघतात, बदामात एखादा किडका, पिस्त्यात न उघडलेले. त्यामुळे बदाम सव्वाचार किलो, काजू ४, बेदाणे ५ आणि पिस्ते ३ किलो घ्या. एकूण सव्वासोळा किलो. आधी आणलेला पाव-पाव किलो यातच धरा.

काजू घेताना प्रतीचा ३२० हा आकडा २४० पेक्षा मोठा, म्हणून माल सरस, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो एका पौंडात साधारण किती दाणे बसतात याचा आकडा आहे. त्यामुळे २४० चा दाणा मोठा आणि महाग. नव्वद ग्रॅममध्ये ३२० चे साठेक दाणे येतात, २४० चे पंचेचाळीसच्या आसपास. नमुन्याला जो काजू भरलात, तोच चाळीस बॉक्सांसाठी घ्या. प्रत बदलली की खणाचे वजनही थोडे हलते.

भरताना प्रत्येक खण तोलत बसू नका. प्रत्येक जिन्नसाचे ठरलेले वजन एका वाटीत घालून खूण करा आणि त्याच मापाने चाळीसही भरा. बेदाणे मात्र पातळ पिशवीत बांधून खणात ठेवा, नाहीतर त्यांच्या ओलाव्याने शेजारचा काजू चार दिवसांत मऊ पडतो.