आत्याच्या फोनवरचा ओटीपी

मंदार,

सुमनवहिनी म्हणाल्या, ताईच्या उशाचा फोन उचलून तूच ओटीपी टाकतोस आणि तिच्या वर्गण्या-हप्ते बंद करतोस. खरं असेल तर आज थांबव. तुझी नियत स्वच्छ आहे, पण उद्या कॅनडाहून वैशूनं विचारलं, तर दाखवायला तुझ्याकडे कागद कुठला?

ताईकडून मुखत्यारपत्र करून घे, तेही आत्ताच. झटक्यानं ताईचा हात गेलाय, समज शाबूत आहे. सही नाही जमली तर अंगठा चालतो. डॉक्टरांकडून मात्र ती भानावर असल्याचा दाखला घे. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र संपतं. मग पालक नेमून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून घाई करतोय.

मजकुरात ‘सर्व व्यवहार’ एवढंच लिहू नकोस, बँका त्यावर अडून बसतात. खातं चालवणं, मँडेट रद्द करणं, मोबाइल, विमा, वर्गण्या यांचे करार बंद करणं, असं नावानिशी घाल. मूळ कागद कुणाला देऊन येऊ नकोस. शाखेत दाखव आणि नोटरीची प्रत दे. तुझं पॅन, आधार, फोटो आणि सहीचा नमुना मागतील. ज्या कंपनीचा करार बंद करायचा, तिला त्याखेरीज ताईचा ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल लागतो. तक्रार क्रमांक लेखी घेतल्याशिवाय उठू नकोस.

आधी तिच्या तेरा महिन्यांच्या खातेउताऱ्याचं पान न् पान बघ. वर्षातून एकदा कापली जाणारी रक्कम सहा महिन्यांच्या उताऱ्यात सापडेलच असं नाही. कार्डावरच्या आपोआप वजावटीचा मेसेज किमान चोवीस तास आधी येतो, त्यात दुकानदाराचं नाव असतं. आणि बँकेतलं मँडेट थांबवलं म्हणजे करार संपला असं नव्हे. पैसे जायचे थांबतात, बिल चढतच राहतं. दोन्हीकडे कळवायचं. मेडिक्लेमच्या हप्त्याला मात्र हात लावू नकोस!

ओटीपीचं पुन्हा सांगतो, कारण तू ‘एवढंच तर आहे’ म्हणशील. तुझ्या वयात मीही असाच झपाट्यानं सगळं उरकायचो. अण्णा आजारी असताना त्यांच्या फायली लावत बसलो, त्यांच्यापाशी बसायचं राहून गेलं. तुला ओरडतोय ते त्यामुळेच असेल.

तू एकटा धावतोयस, हे मला कळतं. ताईला विचारून, तिला वाचून दाखवून कागद कर. तिला अजून ‘हो’ म्हणता येतं. नोटरीला ताईपाशीच बोलाव, दिवस कळव, साक्षीदार म्हणून मी येतो. आणि दवाखान्यातून परतताना जेवून घेत जा रे बाळा.

तुझा,
नानाकाका