वर्गशिक्षकाचे छोटे भाषण : ‘किती मुले पात्र ठरली आणि ती किती भाग?’



शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की वर्गशिक्षकाला दोन मिनिटे बोलावे लागते. परिपाठाला मुलांसमोर, नाहीतर पालकसभेत. भाषण काय मोठे नसते. किती मुले बसली, किती पात्र झाली, म्हणजे वर्गाचा कितवा भाग, संपले. पण हे चार वाक्यांचे भाषण मी एकदा असे चुकवले की ते दुरुस्त करायला मला महिना लागला. म्हणून आज हा लेख.

मी शाहूवाडी तालुक्यात शिकवतो. मलकापूरच्या बाजारापासून आंबा घाटाकडे जाऊ लागलात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या-वस्त्या सुरू होतात, त्यातलीच एक शाळा. पाचवीचा पट तेव्हा २४ होता. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी थोडे जुळवून घेतले आहेत, घडले ते मात्र तसेच आहे.) २४ पैकी २१ मुलांचे फॉर्म भरले होते. परीक्षेच्या दिवशी एकजण आजारी पडला, म्हणजे २० मुले प्रत्यक्ष बसली.

निकालाचा कागद हातात आला. मी घाईघाईने एकूण गुणांच्या रकान्यावरून बोट फिरवले. परीक्षा ३०० गुणांची, पात्रता ४० टक्के, म्हणजे १२० गुण. १२० आणि त्यापुढची मुले मोजली, ती १५ भरली. २० पैकी १५ म्हणजे तीन चतुर्थांश. लगेच पालकसभेत उभा राहून म्हणालो, “आपल्या वर्गातली पाऊण मुलं पात्र ठरली!” टाळ्या पडल्या. मागे बसलेले एक पालक मात्र उठले आणि म्हणाले, “गुरुजी, पाऊण वर्ग पास झाला म्हनतासा, मग आमचं पोरगं पावात गेलं काय?”

सगळे हसले. मी पण हसलो. पण त्या एका प्रश्नात माझ्या भाषणातल्या सगळ्या चुका होत्या.

पहिली चूक : रेषा कुठे आहे ते मी पाहिलेच नाही

पाचवीच्या शिष्यवृत्तीला तेव्हा दोन पेपर होते, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. पहिला पेपर प्रथम भाषा व गणिताचा, दुसरा तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणीचा. पात्र ठरायला प्रत्येक पेपरात ४० टक्के लागत. १५० चे ४० टक्के म्हणजे ६० गुण. एकूण १२० मिळाले म्हणून भागत नाही.

त्या पालकांच्या मुलाचे गुण पाहा. पहिल्या पेपरात ५४, दुसऱ्यात ७२. एकूण १२६, म्हणजे ४२ टक्के. माझ्या बोटाने त्याला पात्रात धरले होते, पण पहिल्या पेपरात तो ६० च्या खाली होता. असे वर्गात तिघे निघाले. म्हणजे खरी संख्या १५ नव्हे, १२. बापाने पोराचा निकाल वाचला होता, मी फक्त बेरीज वाचली होती.

दुसरीकडे एका मुलीला दुसऱ्या पेपरात बरोबर ६० गुण होते. ती पात्र आहे. पण आपण बोलताना सहज म्हणतो, “साठच्या वर ज्यांना पडले ते.” मग ६० वाली मुलगी आत की बाहेर? वर्गात ती मान खाली घालून बसते, कारण तिने ‘वर’ हा शब्द ऐकलेला असतो. “साठ किंवा साठपेक्षा जास्त” असे म्हणायला दोन सेकंद जास्त लागतात, ती द्यावीत.

अजून एक, पालकांसाठी. ‘पात्र’ म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली असे नाही. पात्र मुलांतून गुणवत्तायादी लागते आणि मंजूर संचांइतक्याच मुलांना शिष्यवृत्ती मिळते. घरी पेढे वाटून झाल्यावर हे कळले तर पोराला फार लागते. भाषणात ‘पात्र’ आणि ‘शिष्यवृत्तीधारक’ हे शब्द वेगळे ठेवा. आणि निकाल अंतरिम असेल, गुणपडताळणी व्हायची असेल, तर ‘अंतरिम’ हा शब्दही उच्चारा.

दुसरी चूक : कशातले पाऊण?

आता १२ हा आकडा पक्का झाला. पण १२ हा कितवा भाग? हे खाली काय धरता त्यावर आहे. अपूर्णांकात अंश सगळ्यांना दिसतो, भांडण छेदात असते.

परीक्षेला बसलेल्या २० पैकी १२ धरले तर १२/२०. दोन्हीला ४ ने भागले की ३/५.
फॉर्म भरलेल्या २१ पैकी धरले तर १२/२१, ३ ने भागून ४/७.
पटावरच्या २४ पैकी धरले तर १२/२४, म्हणजे सरळ १/२.

मुले तीच, गुण तेच, आणि उत्तरे तीन. तिन्ही गणिताने बरोबर आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा तुम्ही २० वर भागता आणि तोंडाने ‘वर्गातली’ म्हणता. वर्ग म्हणजे पट. मी तेच केले होते.

यात नुसता शब्दांचा घोळ नाही. मागच्या वर्षीचे आकडे मी वहीत शोधले. तेव्हाही पट २४ च होता. पण ‘येतील अशीच’ १० मुले आम्ही बसवली होती आणि ८ पात्र झाली होती. म्हणजे ८/१०, म्हणजे ४/५. यंदा ३/५. बसलेल्यांवर मोजले तर शाळा खाली आली! पटावर मोजा : मागच्या वर्षी ८/२४ म्हणजे १/३, यंदा १/२. शाळा वर आली. जास्त मुलांना संधी दिली की पहिला अपूर्णांक लहान होतो. आणि आपण दरवर्षी तोच मिरवत राहिलो, तर पुढच्या वर्षी फॉर्म भरताना आपलाच हात कच्च्या मुलाच्या नावावर अडतो. हे मी माझ्याबद्दलच सांगतो, माझा हात अडलेला आहे.

म्हणून आता मी दोन्ही सांगतो, आधी बसलेल्यांपैकी, मग पटापैकी.

टक्के की भाग?

टक्क्यांत सांगितले तर काय होते पाहा. पात्रतेला लागतात ४० टक्के. गुणांत ते ६०. आणि बसलेल्यांपैकी पात्र झालेली मुले ६० टक्के! एकाच वाक्यात हे सगळे आले की आजी-आजोबा सोडा, मीही गोंधळतो. एक आई घरी गेली ती “पोरीला साठ टक्के पडले” असे समजून.

त्यापेक्षा ‘पाचांपैकी तीन’ म्हणा. ‘तीन पंचमांश’ हे वर्गात ठीक, पाचवीच्या मुलांना ते ओळखीचे आहे. पालकसभेत ‘दर पाच मुलांत तीन’ हेच पोचते. निम्मे, पाव, पाऊण हे शब्द तर आपल्या जिभेवरचेच, पण अपूर्णांक नेमका तेवढाच असेल तरच वापरा. १२/२१ ला ‘निम्म्याहून थोडी जास्त’ म्हणा, ‘जवळजवळ पाऊण’ म्हणू नका.

मात्र नुसता भाग सांगून थांबू नका. ३/५ म्हणजे पाचातले तीनही आणि शंभरातले साठही. वाडीवरच्या शाळेत पाच मुले बसली आणि तीन पात्र झाली, तरी ३/५ च. तिथे एक मूल इकडचे तिकडे झाले की भाग २/५ किंवा ४/५ होतो, २० मुलांत तो एक-विसांशानेच हलतो. म्हणून आधी मुलांची संख्या, नंतर भाग.

पाच मुलांच्या वर्गात तर भाग सांगूच नये असे माझे मत आहे. “पाचांपैकी चार पात्र” म्हटले की पाचवा कोण हे सगळ्या वाडीला कळते. तिथे प्रत्येक घरी वेगळे बोलावे.

मुलांना हे कसे दाखवायचे

मी पूर्वी पात्र मुलांना उभे करायचो. बसून राहिलेल्या आठ जणांकडे बघितले आणि ते बंद केले. आता चिंचोके घेतो. २० चिंचोके, त्यातले १२ खडूने रंगवलेले. मुलांना सांगतो, सारख्या ढिगांत अशी वाटणी करा की प्रत्येक ढीग एकाच रंगाचा राहील, आणि ढीग कमीत कमी झाले पाहिजेत. कुणी दोन-दोनचे दहा करतात, सहा रंगीत. मग कुणाला तरी चार-चारचे पाच सुचतात, तीन रंगीत. १२/२०, ६/१० आणि ३/५ एकच आहेत हे फळ्यावर लिहायच्या आधीच त्यांना दिसते. पाच-पाचचे ढीग करून बघणारा एक असतोच. त्याचा एक ढीग मिसळीचा होतो. तो का जमला नाही, यावर चांगली दहा मिनिटे जातात.

दुरुस्त केलेले भाषण

पुढच्या सभेत मी हे वाचून दाखवले. हवे तर तुमचे आकडे घालून वापरा.

“सर्व पालकांना नमस्कार. मागच्या सभेत मी पाऊण मुले पात्र ठरली असे सांगितले, ते चुकले होते. मी एकूण गुण पाहिले, पेपर वेगवेगळे पाहिले नाहीत. दोन्ही पेपरांत प्रत्येकी साठ किंवा त्याहून जास्त गुण मिळवलेली मुले बारा आहेत. परीक्षेला वीस मुले बसली होती, म्हणजे दर पाच मुलांत तीन पात्र ठरली. आपल्या पटावर चोवीस मुले आहेत, त्या हिशेबाने निम्मी. पात्र म्हणजे शिष्यवृत्ती मिळालीच असे नाही, गुणवत्तायादी अजून लागायची आहे. ज्यांना एका पेपरात थोडे कमी पडले, त्यांच्या पालकांनी सभेनंतर मला भेटावे. नावे मी इथे घेणार नाही.”

सभा संपल्यावर ते पालक थांबले. मी निकाल त्यांच्यासमोर ठेवला. ५४ ला ६० करायला सहा गुण, प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. त्यांनी बोटांवर मोजले.

“म्हंजे तीन परश्न?”

“तीन.”

“मग गणिताचं म्हना की, त्याला भागाकार येत न्हाई.” त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि पोराला हाक मारली.