रोज एक मिलिमीटर

आपल्या शरीरातील बहुतेक जखमा भरून निघताना मागे व्रण ठेवतात. हाडाचे तसे नाही. मोडलेले हाड सांधते ते पुन्हा हाडानेच. हा गुण आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण त्याचाच उपयोग करून आखूड पाय लांब करता येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ते कसे घडते, कोणासाठी करावयाचे आणि त्यात धोका कोठे आहे, एवढ्याच तीन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रयत्न जुना आहे. इटलीतील बोलोन्या येथील कोदिविला या शल्यविशारदाने 1905 मध्ये हाड कापून, टाचेतून घातलेल्या खिळ्याला जोराचा ताण देऊन पाय लांब केल्याचे प्रसिद्ध केले. परंतु एकाएकी दिलेला तो ताण शरीराला सोसत नसे. खरा मार्ग सापडला तो सायबेरियातील कुर्गान या दूरच्या गावी. तेथे गाव्रिल इलिझारोव या डॉक्टरांनी 1951 च्या सुमारास धातूच्या कड्यांचे एक साधन तयार केले. पायाभोवती कडी, कड्यांमध्ये घट्ट ताणलेल्या व हाडातून आरपार गेलेल्या बारीक तारा आणि कड्यांना जोडणारे आट्यांचे दांडे, एवढाच त्याचा सांगाडा. मोडलेली हाडे एकमेकांवर दाबून धरण्यासाठी ते केलेले होते. एका रुग्णाने चुकून नट उलटा फिरविला, हाडाची टोके दूर गेली आणि मधल्या फटीत नवे हाड दिसू लागले, अशी हकीकत सांगतात. पुढे त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून या ताणाचा वेग निश्चित केला. 1980 मध्ये कार्लो मौरी या इटालियन गिर्यारोहकाने कुर्गानला जाऊन आपला जुना अधू पाय बरा करून घेतला, तेव्हा पश्चिम युरोपचे लक्ष तिकडे गेले. पुढे ही पद्धत भारतातही आली. महाराष्ट्रात अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

आता प्रत्यक्ष क्रिया पाहू. समजा, नालासोपाऱ्याहून लोकलने कॉलेजला येणारी एक मुलगी आहे. लहानपणी तिच्या गुडघ्याखाली हाड मोडले आणि तेथील वाढीची पट्टी दुखावली. उजवी नडगी आज डावीपेक्षा 4 सेंटिमीटर आखूड आहे. बूट उंच केला तरी तिला जिना चढताना कंबर वाकडी करावी लागते.

शस्त्रक्रियेत प्रथम कडी बसवितात. नंतर लहान छेद घेऊन नडगीचे बाहेरचे कठीण कवच कापतात. हे करताना हाडावरचे पातळ आवरण आणि आतला रक्तपुरवठा शक्य तितका जपावयाचा असतो, कारण नवे हाड त्यांच्याच जोरावर तयार होते. शेजारचे बारीक हाडही कापावे लागते. मग सुमारे एक आठवडा काहीच करावयाचे नाही. फटीत रक्ताची गाठ जमून तिच्यात मऊ, जिवंत पेशींचे जाळे तयार होईपर्यंत थांबायचे.

त्यानंतर नट फिरविण्यास आरंभ होतो. दांड्याचा आटा असा असतो की नट पूर्ण एकदा फिरला म्हणजे कडी एक मिलिमीटर सरकते. परंतु ते एकदम करीत नाहीत. दर सहा तासांनी पाव फेरा, म्हणजे दिवसातून चार वेळा. हे काम रुग्ण स्वतः किंवा घरची माणसे करतात. हाच वेग का? इलिझारोव यांच्या प्रयोगांत दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणले, तर फट वेळेआधीच सांधून जाई. दोन मिलिमीटर ताणले, तर हाड नीट बनत नसे आणि स्नायू व मज्जातंतूंना इजा होई. एक मिलिमीटर हे त्यामधले माप आहे.

या हिशेबाने आपल्या मुलीचे 4 सेंटिमीटर 40 दिवसांत पुरे होतील. पण काम तेथे संपत नाही. ताणून तयार झालेले हाड अजून कच्चे असते. ते कठीण होण्यास ताणाच्या काळाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे कडी एकंदर चार ते सहा महिने पायावर राहणार. क्ष-किरण चित्रात फटीभोवती चारपैकी निदान तीन बाजूंना पक्के कवच दिसल्यावरच ती काढतात. घाई केल्यास नवे हाड वाकते किंवा मोडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हाड वाढण्यास तयार असते. अडतात ते त्याच्या भोवतालचे स्नायू, शिरा आणि मज्जातंतू. नडगी लांब होताना पोटरीचा स्नायू मागे राहतो आणि टाच वर ओढली जाते. मांडीचे हाड लांब करताना गुडघा आखडतो. म्हणून रोजचा व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो दुखतो. पायाच्या वरच्या भागास मुंग्या येणे किंवा अंगठा वर उचलता न येणे ही मज्जातंतू ताणल्याची खूण होय. अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांना कळवून वेग कमी करावा लागतो किंवा थांबावे लागते. तारांच्या भोकांशी लाली, पू वा वाढती वेदना दिसली तर तेथे जंतुसंसर्ग झाला असे समजावे. हा त्रास सर्वांत अधिक आढळतो आणि बहुधा औषधांनी आवरतो. मात्र दुर्लक्ष केले तर तो हाडापर्यंत पोहोचतो. धूम्रपान करणाऱ्याचे नवे हाड सावकाश बनते. याच कारणांमुळे एका वेळी हाडाच्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढविणे सहसा टाळतात.

मग ही शस्त्रक्रिया कोणी करावी? दोन सेंटिमीटरपर्यंतचा फरक बहुधा बुटाच्या तळव्यानेच भागतो. त्याहून मोठा फरक, जन्मजात आखूड हाड, अपघातात वा हाडाच्या जंतुसंसर्गात गेलेला तुकडा, यांसाठी तिचा विचार होतो. आपल्याकडे पोलिओचे रुग्णही आहेत. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला, पण त्यापूर्वी अधू झालेली माणसे आपल्यात आहेत. त्यांच्या बाबतीत तर विशेष विचार हवा. दुबळे पाऊल उचलताना जमिनीला घासू नये म्हणून तो पाय किंचित आखूड असणे सोयीचे असते. तो दुसऱ्याच्या अगदी बरोबरीचा केला, तर चालणे उलट अवघड होते.

आणि निरोगी पायांची उंची वाढविण्याविषयी? एप्रिल 2016 मध्ये हैदराबादेत एका तरुणाने घरी न कळविता दोन्ही पायांवर ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यावर मोठा वाद झाला. हाडाला आणि स्नायूंना आपण ती का करतो हे कळत नाही. धोके तेच राहतात, आणि ते दोन्ही पायांवर येतात. आपल्या मुलीच्या बाजूने वाकडी कंबर आहे, न चढवणारा जिना आहे. निरोगी तरुणाच्या बाजूने केवळ काही सेंटिमीटरांची इच्छा आहे. ती इच्छा हसण्यावारी नेऊ नये. पण चांगला चालणारा पाय पणाला लावण्यापूर्वी, नट दिवसातून चार वेळा आपल्यालाच फिरवावयाचा आहे आणि आखडलेला गुडघाही आपलाच असणार आहे, हे त्याने घरच्यांसमोर बसून नीट समजून घ्यावे.