चातुर्मासाची पथ्ये आणि त्यांची कारणे

आषाढ शुद्ध नवमीला संध्याकाळी गल्लीतून जाताना अनेक घरांतून कांदाभज्यांचा वास येतो. कुठे कांद्याची थालीपिठे असतात, तर कुठे भरली वांगी. या दिवसाला आपण 'कांदेनवमी' म्हणतो. दोन दिवसांनी आषाढी एकादशी येते, चातुर्मास सुरू होतो आणि पाळणाऱ्या घरांत कांदा, लसूण व वांगी ही कार्तिकी एकादशीपर्यंत बंद होतात. "असे का?" म्हणून तुम्ही विचारलेत, तर आजी एक कारण सांगेल, शेजारचे काका दुसरे सांगतील आणि वर्गातला एखादा मित्र म्हणेल, "याच्यामागे विज्ञान आहे." यांतले कोणते कारण टिकते ते कसे ओळखायचे, हे आज आपण पाहू.

प्रथम हे 'चार महिने' नेमके किती, ते मोजू. चांद्र महिना सरासरी सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. म्हणजे चार महिन्यांचे ११८ दिवस झाले. सन २०२४ मध्ये आषाढी एकादशी १७ जुलैला आणि कार्तिकी १२ नोव्हेंबरला होती. दिवस मोजून पाहा, बरोबर ११८ भरतात. पण सन २०२३ मध्ये आषाढी २९ जूनला आणि कार्तिकी २३ नोव्हेंबरला आली. हे अंतर १४७ दिवसांचे आहे! त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणून चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. चातुर्मास चंद्राच्या तिथींवर चालतो, पावसावर चालत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

या काळात विष्णू शेषशय्येवर निद्रा घेतो आणि कार्तिकात जागा होतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून एरवी या दिवसांत लग्ने होत नाहीत. कुणी एकभुक्त राहतो, म्हणजे दिवसातून एकदाच जेवतो. कुणी एखादा आवडीचा पदार्थ सोडतो. जुन्या व्रतपद्धतीत तर दर महिन्याला वेगळे पथ्य सांगितले आहे : पहिल्या महिन्यात पालेभाजी, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल, म्हणजे डाळी व कडधान्ये वर्ज्य. जैन साधू या काळात प्रवास थांबवून एकाच गावी मुक्काम करतात. बौद्ध भिक्षूही आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने असाच वर्षावास करतात. पावसात वाटेवर कोवळे गवत आणि बारीक जीव फार असतात, ते पायाखाली तुडवले जाऊ नयेत, हे त्यामागचे एक कारण आहे.

आता कारणांकडे वळू. ती दोन प्रकारची असतात. "देव झोपलेला असतो", "जिभेवर ताबा यावा", "कांदा तामसी आहे" ही पहिल्या प्रकारची. ही श्रद्धेची आणि संयमाची भाषा आहे. तापमापकाने किंवा सूक्ष्मदर्शकाने ती खरी की खोटी ठरत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. "पावसात पचन मंदावते", "पालेभाजीत किडे असतात" ही दुसऱ्या प्रकारची. यांत शरीराविषयी किंवा निसर्गाविषयी विधान केलेले आहे. असे विधान केले, की ते तपासता आले पाहिजे.

सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण घेऊ : पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, म्हणून ही पथ्ये. हे कारण खरे असेल, तर पथ्ये पावसाच्या दिवसांशी जुळायला हवीत. आपल्याकडे पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. सन २०२४ मधला चातुर्मास १७ जुलैला लागला, म्हणजे पावसाचा पहिला महिना पथ्याविनाच गेला. डाळी सोडायचा चौथा महिना ऑक्टोबरच्या मध्यापासून १२ नोव्हेंबरपर्यंत होता. तोवर पावसाळा सरत आला होता आणि त्याच महिन्यात दिवाळीही झाली. पावसामुळे मंदावलेल्या पचनासाठी डाळ सोडायची असेल, तर ती जुलैत सोडायला हवी होती!

आणखी एक साक्ष काढू. हे कारण सांगणारे बहुधा आयुर्वेदाचा आधार देतात. वर्षाऋतूत अग्नी मंद होतो, असे आयुर्वेद म्हणतो, हे खरे आहे. पण वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात त्या ऋतूचा आहार पाहिला, तर जुने धान्य, मध आणि उकळलेले पाणी यांबरोबर डाळींचे कढण आणि मांसाचा रसही सांगितला आहे. म्हणजे वैद्याचा सल्ला आणि व्रताचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाचे कारण दुसऱ्याला चिकटवले, की असा गोंधळ होतो. उपासाच्या दिवशी तूप आणि दाण्याचे कूट घालून केलेली साबुदाण्याची खिचडी पोटाला हलकी असते का, हे तुम्हीच ठरवा.

मग पावसाळ्यात पोटाचे आजार वाढतात, हे खोटे का? मुळीच नाही. जुलाब, विषमज्वर, कावीळ या दिवसांत खरोखरच वाढतात. पण त्यांचे मोठे कारण पाण्यात आहे. पावसाच्या लोंढ्याबरोबर मैला विहिरीत, ओढ्यात आणि फुटक्या नळात शिरतो. त्यातले जंतू पोटात गेले की माणूस आजारी पडतो, मग त्याने कांदा खाल्लेला असो वा नसो. उलट, चारही महिने कडक व्रत पाळून विहिरीचे गढूळ पाणी न उकळता प्यायले, तर व्रत त्याला वाचवणार नाही. वाग्भटाच्या यादीतले 'उकळलेले पाणी' मात्र वाचवील.

आता पालेभाजीकडे येऊ. इथे लोकांचे निरीक्षण बरेचसे अचूक आहे. पावसात पानांवर अळ्या आणि अंडी जास्त सापडतात. थेंबांच्या माऱ्याने माती उडून पानांच्या मागे चिकटते, आणि शेतात घाण पाणी आले असेल तर मातीबरोबर जंतूही येतात. जैन कुटुंबे या काळात पालेभाजी खात नाहीत, कारण भाजीबरोबर ते जीव मारले जातात. हे कारण खाणाऱ्याच्या तब्येतीचे नाही, त्या जिवांविषयीच्या दयेचे आहे, आणि ते त्याच्या जागी पूर्णपणे सुसंगत आहे. पण "पावसाळ्यातली पालेभाजी अपायकारक असते" हे विधान वेगळे झाले. पाने नीट धुऊन शिजवली, तर माती जाते आणि जंतू मरतात. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या गावांत याच दिवसांत टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या आवडीने खातात. भाद्रपदात ऋषिपंचमीला केली जाणारी ऋषीची भाजीसुद्धा अळू-माठाच्या पानांशिवाय होत नाही, आणि ती तर ऐन चातुर्मासात येते!

हा भेद महत्त्वाचा का? पालेभाज्यांतून आपल्याला लोह आणि 'अ' जीवनसत्त्वाला लागणारा पदार्थ मिळतो. मोठ्या माणसाने विचारपूर्वक महिनाभर पालेभाजी सोडली, तर तो त्याचा निर्णय. पण ती 'बाधते' असे समजून घरातल्या लहान मुलाच्या किंवा गरोदर बाईच्या ताटातून ती काढली, तर चुकीच्या कारणाची किंमत ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांना मोजावी लागते.

वांग्याचे उदाहरण तुम्ही स्वतः तपासू शकता. "चातुर्मासात वांगी किडकी असतात" असे म्हणतात. वांग्याचा मुख्य शत्रू म्हणजे शेंडा व फळ पोखरणारी अळी. एक लहान पतंग झाडावर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली बारीक अळी बहुधा देठाच्या टोपीखालून फळात शिरते आणि तिचे शिरण्याचे भोक लवकरच बुजते. आत गर खाऊन ती वाढते आणि मोठे भोक पाडून बाहेर पडते. म्हणून भोक असलेले वांगे रिकामे असू शकते आणि बिनभोकाच्या वांग्यात अळी सापडू शकते! उष्ण व दमट हवेत ही कीड जोरात असते, थंडीत ती मंदावते.

करून पाहा : श्रावणात ओळखीच्या शेतकऱ्याकडून न निवडलेली वीस वांगी आणा. बाजारातली नकोत, कारण विक्रेत्याने किडकी आधीच काढलेली असतात. प्रत्येक वांगे उभे चिरा आणि वहीत तीन रकाने करा : बाहेर भोक, आत पोखरण, आत अळी. माघात त्याच शेतातून पुन्हा वीस वांगी आणून हेच करा. दोन्ही वेळा औषध कधी फवारले होते, ते विचारून लिहून ठेवा, नाहीतर फरक ऋतूचा की फवारणीचा ते कळणार नाही. वीस ही संख्या लहान आहे. चार-पाच मित्रांनी वेगवेगळ्या शेतांतून हाच प्रयोग केला, तर निष्कर्ष अधिक भरवशाचा होईल. श्रावणात किडकी वांगी जास्त निघाली, तर लोकांचे निरीक्षण खरे ठरेल. पण त्यावरून वांगे बाधते असे सिद्ध होणार नाही, चिरून पाहून घ्यावे एवढेच सिद्ध होईल.

शेवटी एक कारण असे पाहू, की जे बरेच टिकते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. या काळात कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यावर जात. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर कायद्याने बंदी असते. माणसांचा जीव वाचावा आणि अनेक जातींच्या माशांना प्रजननाला वेळ मिळावा, हे तिचे हेतू आहेत. येथे कारण आणि काळ जुळतात. पण तेवढ्यावरून कार्तिकापर्यंत मासे वर्ज्य करण्याचे समर्थन मात्र होत नाही. समुद्र तर ऑगस्टातच खुला होतो.

तेव्हा पुढच्या कांदेनवमीला भजी खाता खाता घरातल्या प्रत्येकाला विचारा, "उद्या-परवापासून कांदा का नाही?" मिळालेली उत्तरे वहीत लिहा. प्रत्येकापुढे लिहा, हे कारण श्रद्धेचे की शरीराचे. शरीराचे असेल, तर आणखी दोन प्रश्न विचारा : काळ जुळतो का? आणि तीच वस्तू त्याच दिवसांत खाणारी माणसे आजारी पडतात का? आजीने "मी देवासाठी सोडते" असे सांगितले, तर तिच्यापुढे हे प्रश्न लिहू नका. तिने तिचे कारण प्रामाणिकपणे सांगितले आहे. प्रश्न विचारायचे ते "याच्यामागे विज्ञान आहे" म्हणणाऱ्या मित्राला.