विद्युत घटाचे व्होल्टेज : एक उदाहरण

बारावीच्या रसायनशास्त्रात विद्युत घटाचे गणित आले की विद्यार्थी तक्त्यातील आकडे पाठ करतात. ते आकडे कशाचे, हे आम्ही येथे एका घटाच्या आधारे पाहणार आहोत.

जस्ताची पट्टी झिंक सल्फेटच्या द्रावणात ठेवली की काही अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडून आयनरूपाने द्रावणात उतरतात. द्रावणातील काही आयन इलेक्ट्रॉन घेऊन परततात. या देवघेवीतून धातू व द्रावण यांच्यामध्ये निर्माण होणारे विभवांतर म्हणजे इलेक्ट्रोड विभव. ते एकट्याचे मोजता येत नाही, कारण व्होल्टमापकाची दुसरी तार द्रावणात बुडविताच दुसरा इलेक्ट्रोड तयार होतो. म्हणून संदर्भ लागतो. धनेगावच्या मांजरा धरणाची पाणीपातळी आपण समुद्रसपाटीपासून सांगतो. तसाच येथे प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडचा विभव शून्य मानला आहे. त्या मापाने जस्ताचा प्रमाण क्षपण विभव −0.76 व्होल्ट, तांब्याचा +0.34 व्होल्ट.

1836 मध्ये डॅनियल यांनी या दोन धातूंचा घट तयार केला. जस्ताचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून तो ॲनोड. तांब्याच्या आयनांचे क्षपण होते, म्हणून तांबे कॅथोड. घटाचा विभव म्हणजे कॅथोडच्या क्षपण विभवातून ॲनोडचा क्षपण विभव वजा करणे :

E° = 0.34 − (−0.76) = 1.10 V

आता समजा, 25 अंश सेल्सिअसला जस्ताच्या आयनांची संहती 0.1 मोलर आणि तांब्याच्या आयनांची 0.001 मोलर आहे. अभिक्रियेत दोन इलेक्ट्रॉनांची देवघेव होते, म्हणून नर्न्स्ट समीकरणात n = 2 :

E = 1.10 − (0.0592/2) log (0.1/0.001)
E = 1.10 − 0.0296 × 2 = 1.04 V

येथे नेहमीची चूक म्हणजे गुणोत्तर उलटे लिहिणे. तसे केल्यास उत्तर 1.16 येते. ती चूक पडताळा न घेताही ओळखता येते : तांब्याचे आयन हे अभिकारक आहेत; ते विरळ झाले की अभिक्रियेचा जोर घटतो, म्हणून विभव 1.10 पेक्षा कमीच हवा.

प्रयोगशाळेत मापकावर नेमके 1.04 दिसेलच असे नाही. गणितात आपण आयनांची संहती घेतो, त्यांची प्रत्यक्ष सक्रियता नव्हे. त्यामुळे काही शतांश व्होल्टचा फरक पडू शकतो. काटा ऋण बाजूस गेला, तर तारा उलट जोडल्या आहेत. तो हललाच नाही, तर प्रथम क्षारसेतू तपासावा : त्याची दोन्ही टोके द्रावणात बुडालेली हवीत, कारण आयनांची वाट तुटली की बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉनही वाहत नाहीत.